४९० संदर्भ आणि दोनच वर्षं

२०१० साली ‘मेडिकल सायन्स मॉनिटर’ या वैद्यकीय जर्नलमध्ये एक आढावालेख छापून आला. लेखाच्या शेवटी ४९० संदर्भ होते. आढावालेखाला लांबलचक संदर्भसूची असणं नवलाचं नाही. एखाद्या विषयावर झालेलं काम वाचून त्याची मांडणी करायची तर संदर्भ वाढतातच. खटकणारी गोष्ट सूचीच्या आत होती. ४९० पैकी ४४५ संदर्भ ‘सेल ट्रान्सप्लांटेशन’ या एकाच जर्नलमधल्या लेखांचे होते. उरलेल्या ४५ पैकी ४४ संदर्भ खुद्द ‘मेडिकल सायन्स मॉनिटर’मधल्या लेखांचे. आणि हे सगळे लेख २००८ आणि २००९ या दोनच वर्षांत प्रसिद्ध झालेले.

ही दोन वर्षं निवडण्यामागचं कारण इम्पॅक्ट फॅक्टरच्या गणितात आहे. एखाद्या जर्नलचा २०१० चा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना त्या जर्नलने २००८ आणि २००९ मध्ये छापलेल्या लेखांना २०१० या वर्षात किती सायटेशन्स मिळाली ते मोजतात आणि त्या आकड्याला त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागतात. २००७ च्या लेखाचा कितीही गौरवाने उल्लेख केला, तरी या भागाकारात त्याची किंमत शून्य. समजा, एका जर्नलने दोन वर्षांत २५० लेख छापले आणि त्यांना जगभरातून १००० सायटेशन्स मिळाली, तर इम्पॅक्ट फॅक्टर ४ येतो. आता एकट्या एका आढावालेखाने त्यात ४४५ ची भर घातली, की तो थेट ५.७८ वर जातो. हजारो संशोधकांनी वर्षभर वाचून, पारखून दिलेल्या संदर्भांच्या जवळपास निम्मं वजन एका लेखाच्या सूचीने टाकलं, असा याचा अर्थ.

त्याच वर्षी ‘द सायंटिफिक वर्ल्ड जर्नल’मध्ये असाच दुसरा लेख आला. त्यात १२४ संदर्भ होते. त्यातले ९६ पुन्हा ‘सेल ट्रान्सप्लांटेशन’चे आणि पुन्हा त्याच दोन वर्षांतले. राहिलेल्या २८ पैकी २६ संदर्भ छापणाऱ्या जर्नलचे. पहिल्या लेखाच्या चार लेखकांपैकी तिघे ‘सेल ट्रान्सप्लांटेशन’च्या संपादक मंडळावर होते आणि त्यांच्यापैकीच दोघे दुसऱ्या लेखाचेही लेखक होते. फिल डेव्हिस या अभ्यासकाने एप्रिल २०१२ मध्ये हा सगळा हिशेब जाहीरपणे मांडला, तेव्हा त्याने ‘सायटेशन कार्टेल’ असा शब्द वापरला. मराठीत त्याला साटंलोटं म्हणता येईल. त्यानंतर ‘द सायंटिफिक वर्ल्ड जर्नल’ने सायटेशनमधल्या फेरफारासाठी दोन लेख मागे घेतले. लेखातला प्रयोग खोटा होता किंवा मजकूर चोरलेला होता म्हणून लेख मागे घेतले जातात, हे आपण ऐकतो. इथे मात्र दोष संदर्भसूचीचा होता.

हे आधी लक्षात का आलं नाही? इम्पॅक्ट फॅक्टर प्रसिद्ध करणारी कंपनी (तेव्हा थॉमसन रॉयटर्स, आता क्लॅरिव्हेट) जर्नलच्या स्वसंदर्भांवर लक्ष ठेवतच होती. एखादं जर्नल स्वतःच्याच लेखांचे संदर्भ वारेमाप देऊ लागलं, तर ते आकडेवारीत चटकन उठून दिसतं आणि त्याला यादीतून काढलं जातं. पण संदर्भ दुसऱ्या जर्नलमधून आले, तर स्वसंदर्भाचा आकडा हलत नाही, उलट बाहेरून मान मिळतोय असं चित्र उभं राहतं. स्वतःची पाठ थोपटणं पकडलं जाऊ लागलं, म्हणून दुसऱ्याकडून थोपटून घेण्याची सोय झाली.

ब्राझीलमध्ये ही सोय अधिक पद्धतशीरपणे झाली, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचं मूल्यमापन करणारी कापेस ही सरकारी संस्था विद्यार्थी कोणत्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमध्ये लेख छापतात ते पाहून विभागांना दर्जा देत असे. साहजिकच चांगले लेख परदेशी जर्नल्सकडे जात आणि देशी जर्नल्स मागे पडत. २००९ पासून काही ब्राझिलियन जर्नल्सच्या संपादकांनी आपसांत ठरवून एकमेकांच्या जर्नलमधल्या लेखांचे शेकडो संदर्भ असलेले लेख छापायला सुरुवात केली. २०१३ मध्ये चार ब्राझिलियन जर्नल्सचा इम्पॅक्ट फॅक्टर रोखण्यात आला. त्या वर्षी जगभरातून अशा १४ जर्नल्सवर ही कारवाई झाली. त्यांपैकी ‘क्लिनिक्स’ या जर्नलच्या संपादकाला पद गमवावं लागलं. कापेसच्या धोरणाने आपली कोंडी केली होती, हे त्याचं म्हणणं मला पटतं. त्यावरचा उपाय मात्र पटत नाही, कारण त्या शेकडो संदर्भांच्या मागे जाणाऱ्या वाचकाला तिथे काहीच सापडणार नव्हतं.

आता हा प्रकार शोधायचा कसा? कोणत्या जर्नलने कोणत्या जर्नलला किती संदर्भ दिले याचा तक्ता मांडतात. त्यात देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची प्रत्येक जोडी तपासतात. घेणाऱ्याच्या मोजल्या जाणाऱ्या सायटेशन्सपैकी किती मोठा वाटा एकाच देणाऱ्याकडून आला, हा पहिला प्रश्न. त्या देणाऱ्याने दिलेले संदर्भ कोणत्या वर्षांतल्या लेखांचे आहेत, हा दुसरा. आणि माझ्या मते तोच जास्त बोलका. एका छोट्या विषयात दोनच जर्नल्स असतील, तर ती एकमेकांचे संदर्भ देणारच. कुष्ठरोगावर किंवा एखाद्या कीटकाच्या जातीवर काम करणाऱ्यांना दुसरीकडे जायला जागाच नसते. पण असे प्रामाणिक संदर्भ काळात पसरलेले असतात. काही गेल्या वर्षीचे, काही दहा वर्षांपूर्वीचे, एखादा मूळ कल्पना मांडणारा चाळीस वर्षांपूर्वीचा. साट्यालोट्यातले संदर्भ मात्र इम्पॅक्ट फॅक्टरच्या दोन वर्षांच्या चौकटीत दाटीवाटीने बसलेले असतात आणि बऱ्याचदा दोन-चार लेखांतूनच आलेले असतात.

हे झालं जर्नल्सचं. एखादा लेख हातात घेऊन बसलेल्या परीक्षकाकडे असा तक्ता नसतो. त्याला मजकूर वाचूनच ओळखावं लागतं. फुगवलेले संदर्भ बहुतेकदा प्रस्तावनेत सापडतात, कारण तिथे काहीही बोललं तरी निष्कर्षाला धक्का लागत नाही. ‘या विषयावर अलीकडे बरंच संशोधन झालं आहे’ असं एक गुळमुळीत वाक्य आणि त्याच्यामागे कंसात [१२–३७]. त्या सव्वीस लेखांपैकी प्रत्येकाने काय सांगितलं, कोणाचं कोणाशी पटत नाही, यातलं काहीही वाक्यात नसतं. अनुभवी परीक्षक अशा वेळी कंसातले दोन-तीन लेख उघडतो. वाक्य पिकांवरच्या रोगांबद्दल असतं आणि उघडलेला लेख निघतो विजेच्या जाळ्यावरच्या भाराबद्दल. मग तो सव्वीसही लेखांचे लेखक पाहतो. तेच एक नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर शंकेला आधार मिळतो. एखादा संदर्भ काढून टाकला तर वाक्याचं काही बिघडतं का, ही साधी कसोटी इथे फार उपयोगी पडते. ज्या संदर्भातून मापन, पद्धत, आकडा किंवा मतभेद आलेला असतो, तो काढला की वाक्य निराधार होतं. भरतीचा संदर्भ काढल्याचं कोणाला कळतही नाही.

कधी कधी ही भरती लेखकाने केलेलीच नसते, परीक्षकाने करायला लावलेली असते. लेख स्वीकारला जाणार की नाही हे परीक्षकाच्या अहवालावर अवलंबून असल्यामुळे लेखक, विशेषतः पीएचडीच्या शेवटाला आलेला विद्यार्थी, अशी मागणी मुकाट्याने पुरी करतो. ‘बायोइन्फर्मॅटिक्स’ या जर्नलच्या संपादकांनी २०१९ मध्ये असं एक प्रकरण नाव न देता प्रसिद्ध केलं. एक परीक्षक प्रत्येक अहवालात सरासरी ३५ नवे संदर्भ घालायला सांगत होता आणि त्यातले सुमारे ९० टक्के त्याच्या स्वतःच्या लेखांचे होते. एकच अहवाल पाहिला असता तर तज्ज्ञाची सूचना म्हणून तो खपून गेला असता. त्याचे बरेच अहवाल शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मागण्यांमधला सारखेपणा उघडा पडला. जर्नलने त्याला परीक्षणाच्या कामातून कायमचं वगळलं. संपादकाच्या हाती आणखी एक सोपं साधन असतं. लेखाची पहिली आणि सुधारित संदर्भसूची समोरासमोर ठेवायची आणि मधल्या काळात कोणाचे लेख वाढले ते पाहायचं. त्यात परीक्षकाचं नाव दिसलं, तर त्याने तो संदर्भ का सुचवला याचं कारण अहवालात शोधायचं. ‘या पद्धतीने तापमानाचा परिणाम तपासलेला नाही, तो अमुक लेखात तपासला आहे’ असं कारण लिहिलेलं असेल तर सूचना रास्त. नुसती यादी असेल, तर ती यादी लेखकाकडे पाठवण्याआधी संपादकाने थांबवायला हवी.

सर्वांत अवघड निवाडा स्वसंदर्भांचा आहे. वीस वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे लागलेल्या संशोधकाला स्वतःच्या आधीच्या कामाचा उल्लेख टाळता येत नाही. टाळला तर ती वाचकाची फसवणूक ठरेल. २०१९ मध्ये जॉन इओनिडिस आणि सहकाऱ्यांनी जगातल्या सुमारे एक लाख आघाडीच्या संशोधकांची आकडेवारी खुली केली. त्यात स्वसंदर्भांचं मध्यक प्रमाण १२.७ टक्के होतं. निदान २५० जणांची मात्र निम्म्याहून जास्त सायटेशन्स स्वतःकडून किंवा सहलेखकांकडून आलेली होती. चेन्नईच्या एका संगणकशास्त्रज्ञाच्या बाबतीत हा आकडा ९४ टक्के होता. आधीच्या कामावर पुढचं काम उभं राहतं, म्हणून हे संदर्भ आवश्यक आहेत, असं त्यांचं स्पष्टीकरण. हे स्पष्टीकरण टक्केवारीवरून खोडता येत नाही. ते तपासायचं तर लेखच उघडावे लागतात. आपली जुनी पद्धत नव्या लेखात खरोखर वापरली आहे का? त्याच विषयावर इतरांनी केलेलं काम सूचीत आहे, की फक्त स्वतःचंच? आणि ज्या वाक्याला एक संदर्भ पुरला असता, तिथे स्वतःचे आठ का आहेत?

आपल्याकडे विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफमध्ये सायटेशन्स मोजली जातात, त्यामुळे ब्राझीलच्या संपादकांवर होता तसा दबाव इथल्या प्राध्यापकांवरही आहे. निवड समितीसमोर एखाद्या उमेदवाराची सायटेशन्स ठेवली जातात, तेव्हा एकूण आकड्याशेजारी स्वतःची आणि सहलेखकांची सायटेशन्स वगळून येणारा आकडाही मागता येतो. स्कोपससारख्या डेटाबेसमध्ये स्वसंदर्भ वगळून पाहण्याची सोय आहे. दोन आकड्यांत फार मोठी तफावत दिसली, तर उमेदवाराला तिचं कारण विचारावं आणि उत्तर ऐकताना त्याचे दोन-तीन लेख समोर उघडे असावेत.