शेअर्स एवढं जास्त का देतात? गॅमा २८ चं कोडं

हा भाग ऐकायला सोपा वाटेल, पण त्यातले आकडे कानातून निसटतात. म्हणून यावेळी बोललेलं जसंच्या तसं न टाकता थोडं नीट मांडून लिहिलंय. मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा असेल तर उत्तम, कारण गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे यात गणित नाही.

प्रश्न असा. शेअर्समध्ये जोखीम असते म्हणून त्यात परतावा जास्त मिळतो, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते आता सुविचारासारखं वाटतं. पण किती जोखमीला किती जास्त? १९८५ मध्ये राजनीश मेहरा आणि एडवर्ड प्रेस्कॉट या दोघांनी हा हिशेब खरंच मांडून बघितला आणि उत्तर असं विचित्र आलं की त्याला आजही ‘इक्विटी प्रीमियमचं कोडं’ म्हणतात.

त्यांनी घेतलेली आकडेवारी अमेरिकेची, १८८९ ते १९७८, म्हणजे ९० वर्षांची. महागाई वजा करून शेअर्सनी वर्षाला सरासरी ६.९८ टक्के दिले. सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांसारख्या सुरक्षित कागदांनी दिले ०.८० टक्के. फरक ६.१८ टक्के. हाच तो प्रीमियम.

इथे बहुतेक जण म्हणतात, ‘अहो, शेअर बाजार वरखाली किती होतो! मग एवढा फरक असणारच ना?’ बाजार वरखाली होतो हे खरंय. त्या ९० वर्षांत परताव्याचं प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीपासूनची नेहमीची हेलकावणी, साडेसोळा टक्क्यांच्या आसपास होती. पण अर्थशास्त्र तिथे थांबत नाही. ते विचारतं: बाजार पडला तेव्हा तुमच्या घरखर्चाचं काय झालं?

हा मुद्दा नीट धरून ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पैसा शेवटी खर्च करण्यासाठी असतो: खाणं, भाडं, दवाखाना, मुलांची फी. हात आखडलेला असतो तेव्हा शंभर रुपयांची किंमत जास्त, हात सैल असतो तेव्हा कमी. एखादी गुंतवणूक नेमकी हात आखडलेला असतानाच दगा देत असेल, तर ती खरी जोखमीची, आणि ती घ्यायला आपण जास्त परतावा मागणार. उलट एखादी गुंतवणूक कितीही उड्या मारो, त्या उड्यांचा आपल्या खर्चाशी संबंधच नसेल तर तिला फारसा बोनस द्यायची गरज नाही. म्हणून या सिद्धांतात जोखीम मोजायची ती शेअरच्या हेलकाव्यावरून नाही, तर शेअर आणि घरखर्च किती एकत्र पडतात यावरून. त्या ‘एकत्र पडण्याच्या’ मापाला कोव्हेरियन्स म्हणतात.

सूत्र एका ओळीचं आहे: प्रीमियम = गॅमा × कोव्हेरियन्स. गॅमा म्हणजे माणसाची जोखमीबद्दलची भीती. साध्या भाषेत, खर्च एक टक्का घटला की हातातल्या पुढच्या रुपयाची किंमत साधारण गॅमा टक्क्यांनी वाढते.

आता आकडे भरू. अमेरिकेतला दरडोई खर्च फार शांत आहे. त्या ९० वर्षांत तो वर्षाला सरासरी १.८३ टक्क्यांनी वाढला आणि त्याचं विचलन साडेतीन टक्क्यांच्या जवळपास. त्यात महामंदीही आली आणि दोन महायुद्धंही. शिवाय शेअर आणि खर्च दरवेळी हातात हात घालून चालत नाहीत. दोघांतला सहसंबंध ०.४ पेक्षाही कमी. हे तिन्ही गुणून कोव्हेरियन्स येतो जेमतेम ०.२२ टक्के.

म्हणजे ६.१८ = गॅमा × ०.२२. भागाकार करा. गॅमा २८.

आकडा कोरडा वाटतोय ना? मग त्याला माणसात आणू. समजा तुमचा महिन्याचा खर्च नाणेफेकीवर ठरणार आहे. छापा पडला तर कायमचे ४०,००० रुपये, काटा पडला तर कायमचे २०,०००. किंवा नाणेफेक नको असेल तर मी तुम्हाला एक ठरावीक रक्कम देतो. किती दिली तर तुम्ही नाणेफेक सोडाल? (या धर्तीचा प्रश्न ग्रेगरी मॅन्क्यू आणि स्टीफन झेल्डिस यांनी १९९१ मध्ये डॉलरमध्ये विचारला होता. रुपयांतला हिशेब माझा.)

गॅमा २ असलेला माणूस २६,६६७ ला तयार होतो. थोडा घाबरट म्हणा, पण समजण्यासारखा. गॅमा १० वाला २१,५९७ घेऊन गप्प बसतो. आणि गॅमा २८ वाला? २०,५२०. दुप्पट खर्चाची पन्नास टक्के संधी समोर असताना हा माणूस किमान रकमेपेक्षा फक्त ५२० रुपये जास्त घेऊन घरी जातो. असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. लॉटरीचं तिकीट सोडा, हा रस्ताही ओलांडणार नाही.

दुसऱ्या बाजूने बघा. खर्च १० टक्क्यांनी कमी झाला तर गॅमा २ वाल्याला पुढचा रुपया साधारण सव्वापट मोलाचा वाटतो. गॅमा २८ वाल्याला तोच रुपया १९ पट मोलाचा वाटतो. दहा टक्के खर्च कमी होणं म्हणजे बाहेरचं जेवण बंद, एखादी ट्रिप रद्द. त्यासाठी १९ पट?

कोणी म्हणेल, ‘माणसं असतील तशी, आकडेवारी म्हणते तर मानू २८.’ तर मग दुसरीकडे दोरी तुटते: व्याजदराकडे. गॅमा मोठा असलेल्या माणसाला आपला खर्च आज आणि उद्या सारखा हवा असतो. पण अर्थव्यवस्था वाढतेय, उद्या आपण आजपेक्षा श्रीमंत असणार. मग तो म्हणतो, उद्याचा थोडा पैसा आजच खर्चू, कर्ज काढू. सगळेच कर्ज मागायला लागले की व्याजदर चढतो. गॅमा १० धरला तरी महागाई वजा करून सुरक्षित व्याजदर १२ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. प्रत्यक्षात तो ०.८० होता. फिलिप वाइल यांनी १९८९ मध्ये याला वेगळं नाव दिलं: बिनजोखमीच्या दराचं कोडं.

गंमत म्हणजे २८ वर हा दर पुन्हा खाली येतो, कारण इतका भित्रा माणूस अडीअडचणीसाठी वेड्यासारखी बचतही करतो. वाढीमुळे दर ५१ टक्क्यांनी वर ओढला जातो आणि भीतीच्या बचतीमुळे जवळपास ५० टक्क्यांनी खाली. उरतो तो एक-दीड टक्का. कागदावर जुळलं! पण दोन अजस्र आकडे एकमेकांना खातात म्हणून जुळलेलं हे गणित किती टिकेल? वाढीचा दर फक्त अर्ध्या टक्क्याने बदलला की व्याजदर १४ टक्क्यांनी उडी मारायला हवा. खऱ्या जगात अर्थव्यवस्थांच्या वाढीत अर्धा टक्का फरक सहज असतो, पण त्यांच्या व्याजदरांत असा १४ टक्क्यांचा फरक दिसत नाही. मला विचाराल तर नाणेफेकीपेक्षा हा पुरावा जास्त भक्कम आहे.

मेहरा-प्रेस्कॉटनी म्हणूनच दोन अटी घातल्या होत्या: गॅमा १० च्या वर जाऊ द्यायचा नाही आणि सुरक्षित दर ४ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्या चौकटीत त्यांच्या मॉडेलला जास्तीत जास्त प्रीमियम देता आला ०.३५ टक्के. हवा होता ६.१८.

मग कदाचित ६.१८ हाच आकडा नशिबाचा असेल? ही शंका रास्त आहे, आणि एसआयपी चालू असलेल्या प्रत्येकाने ती घ्यावी, कारण ॲपमधला कॅल्क्युलेटर जुनी सरासरी पुढे तशीच ओढतो. हिशेब करू. एका वर्षाचं विचलन साडेसोळा टक्के. ९० वर्षांच्या सरासरीतली चूक काढायला त्याला ९० च्या वर्गमुळाने, म्हणजे साडेनऊने भागायचं. उत्तर पावणेदोन टक्के. म्हणजे खरा प्रीमियम २.७ पासून ९.७ पर्यंत कुठेही असू शकतो. नव्वद वर्षं मोजूनही एवढंच कळतं! पाच-सात वर्षांचा परतावा बघून कोणी छातीठोक काही सांगत असेल तर हा पल्ला आठवा. पण कोडं यानेही सुटत नाही. अगदी खालचा २.७ धरला तरी भागाकारात गॅमा १२ येतो. व्याजदराची अडचण तिथेही उभीच.

मॅन्क्यू आणि झेल्डिस यांनी वेगळी वाट धरली. सगळ्या अमेरिकेचा खर्च का मोजायचा? शेअर्स होते फक्त पाव-एक कुटुंबांकडे. त्यांनी शेअरवाल्यांचा खाण्यावरचा खर्च वेगळा काढला. तो खरंच जास्त हलत होता, आणि बाजाराबरोबर हलत होता. लागणारा गॅमा निम्म्याहून खाली आला. तरी पटण्याजोगा झाला नाही. मला हे उत्तर अर्धं बरोबर वाटतं: कोणाचा खर्च मोजतो यावर बरंच ठरतं, पण सगळं नाही.

मला सगळ्यात विचार करायला लावणारं उत्तर थॉमस रिट्झ यांचं, १९८८ मधलं. पुढे २००६ मध्ये रॉबर्ट बॅरो यांनी ते विसाव्या शतकातल्या अनेक देशांच्या आकड्यांवर उभं केलं. ते म्हणतात, लोक साडेतीन टक्क्यांच्या हेलकाव्याला घाबरत नाहीत. ते घाबरतात कधीतरीच येणाऱ्या महासंकटाला: युद्ध, देश कोसळणं. बॅरोंच्या मोजणीत अशा संकटाची शक्यता वर्षाला साधारण १.७ टक्के. समजा त्यात खर्च एक तृतीयांशाने घटला. गॅमा फक्त ४ असला तरी अशा वेळी रुपयाची किंमत पाचपट होते. म्हणजे साधी माणसंच, फक्त डोक्यात वेगळं चित्र असलेली. आणि अमेरिकेच्या ९० वर्षांत, महामंदी सोडली तर, असं फारसं घडलंच नाही, म्हणून आकड्यांत ती भीती दिसत नाही.

पण यालाही एक खाच आहे. महासंकटात सुरक्षित कागद तरी सुरक्षित राहतो का? जर्मनीत १९२२-२३ च्या महागाईत सरकारी रोखे कवडीमोल झाले, आणि कारखान्यांचे शेअर्स ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडे निदान काहीतरी उरलं. संकटात रोखेही बुडणार असतील तर लोकांनी त्यांच्यावर ०.८० टक्के तरी का मान्य करावेत? बॅरोंना म्हणून आपल्या मॉडेलमध्ये सरकारी रोखे काही प्रमाणात बुडण्याची शक्यताही धरावी लागली, आणि ती जितकी जास्त धराल तितका प्रीमियम पुन्हा आक्रसत जातो.