अजान ते जमात : दहा मिनिटांचा हिशोब

मार्च महिन्यात मुंबईत रोजा जवळजवळ तेरा तासांचा असतो. पहाटे साडेपाचच्या सुमारास सहेरी संपते आणि सूर्यास्ताला, पावणेसातच्या आसपास, मगरिबची अजान होते. अजान झाली की रोजा सुटतो आणि लगेच नमाजची जमात उभी राहते. मशिदी-मशिदींमध्ये फरक असतो, पण मधे मिळतात ती सात-आठ मिनिटं, फार तर दहा. सामुदायिक इफ्तारचं सगळं गणित या दहा मिनिटांत बसवायचं असतं.

अनेक मंडळं, हौसिंग सोसायट्या आणि कचेऱ्या पहिल्यांदा इफ्तार ठेवतात तेव्हा नेमकी इथेच फसतात. दिवसभराचे उपाशी लोक येणार म्हणून ते लग्नाच्या पंगतीचा हिशोब धरतात. प्रत्यक्षात रोजेदार अजानच्या वेळी थोडंच खातो. खजूर, पाणी, सरबत, फळांच्या चार फोडी आणि जमलं तर एखादं भजं. पोटभर जेवण होतं ते नमाजनंतर. म्हणून खजूर, फळं आणि पेयं यांचा विचार बिर्याणीच्या हंडीपासून वेगळा करावा लागतो. ‘किती खातील’ याआधी ‘दहा मिनिटांत हाताशी किती हवं’ हे पाहावं लागतं.

उदाहरणासाठी चारशे माणसांची इफ्तार घेऊ. मशिदीच्या आवारात किंवा एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर लांब दस्तरखान अंथरलेला आहे आणि सहा-सहा जण एका थाळ्याभोवती बसणार आहेत. म्हणजे थाळे झाले सदुसष्ट. जाणते लोक माणशी हिशोब कागदावर करतात आणि मांडणी मात्र थाळ्याच्या हिशोबाने करतात. वाढणाऱ्या पोरांना ‘माणशी दीडशे ग्रॅम’ सांगून काही उपयोग नसतो. ‘प्रत्येक थाळ्यात वीस खजूर, एक परात फळं, दोन जग’ एवढं सांगितलं की काम होतं.

खजुराने रोजा सोडणं ही पैगंबरांची रीत मानली जाते. ताजे खजूर, ते नसतील तर सुके आणि तेही नसतील तर पाण्याचे घोट, असा क्रम हदीसमध्ये आला आहे. बरेच जण विषम संख्येत खातात, म्हणून माणशी तीन हा आकडा सोयीचा पडतो. सहा जणांचे अठरा आणि वर दोन असे थाळ्यात वीस. सदुसष्ट थाळ्यांना तेराशे चाळीस खजूर लागतील.

आता हे किलोत किती? इथे जातीचा प्रश्न येतो. मशीद बंदरच्या घाऊक बाजारात रमजानच्या आधी खजुरांचे ढीग लागतात आणि प्रत्येक ढिगातल्या एका खजुराचं वजन वेगळं असतं. झाहिदी हा स्वस्त, कोरडा, पिवळसर खजूर सात-आठ ग्रॅमचा. इराणहून येणारा काळा, मऊ किमिया दहा-बारा ग्रॅमचा. मेडजूल एकटाच वीस ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे तेराशे चाळीस नग झाहिदी घेतला तर दहा-अकरा किलोत भागतं, किमियाला पंधरा-सोळा किलो लागतात आणि मेडजूलला पंचवीसच्या वर. खिसा सांभाळायचा असेल तर मेडजूलच्या वाटेला जाऊ नये, आणि जायचंच तर माणशी दोन पुरेत. दुकानदार किलोचा भाव सांगतो, पण आपल्याला नगाचा भाव हवा असतो. त्यासाठी एक डबा उघडून खजूर मोजावेत. दोन मिनिटांचं काम आहे, तरी बहुतेक जण ते करत नाहीत.

किमिया मऊ आणि ओलसर असल्याने तो शीतपेटीतच ठेवावा लागतो. उन्हात राहिला की आंबतो आणि डबा उघडताच आंबूस वास येतो. सुक्या खजुरावर पांढरे डाग दिसले तर घाबरण्याआधी एक खजूर कोमट पाण्यात टाकावा. साखरेचे कण असतील तर विरघळतील. बुरशी विरघळत नाही, ती केसाळ दिसते. प्रत्येक खोक्यातले चार-पाच खजूर उभे चिरून आत कीड नाही ना हेही पाहून घ्यावं. आणि एक बारीकशी, पण विसरली जाणारी गोष्ट म्हणजे बिया. चारशे माणसांच्या बाराशे बिया होतात. थाळ्यात एक रिकामी वाटी नसेल तर त्या दस्तरखानावर पडतात आणि नमाजला उठणाऱ्यांच्या पायाखाली येतात.

फळांचं गणित वेगळं आहे, कारण विकत घेतो ते एक वजन आणि थाळ्यात पडतं ते दुसरं. नमाजनंतर जेवण असेल तर माणशी दीडशे ग्रॅम चिरलेली फळं भरपूर होतात. जेवण नसून फक्त फराळ असेल तर अडीचशे धरावीत. चारशे जणांना दीडशे ग्रॅम म्हणजे साठ किलो फोडी. कलिंगडाची साल काढली की साधारण साठ टक्के हाती राहतं, पपईचं पासष्टच्या आसपास आणि अननसाचं जेमतेम निम्मं. माणशी अर्धं केळं धरलं तर दोनशे केळी, म्हणजे सतरा डझन, आणि सोलल्यावर त्यांचे पंधरा-सोळा किलो. उरलेल्या पंचेचाळीस किलोत पंचवीस किलो कलिंगड, बारा किलो पपई आणि आठ किलो अननस ठेवलं, तर बाजारातून बेचाळीस किलो कलिंगड, अठरा-एकोणीस किलो पपई आणि सोळा किलो अननस आणावा लागतो. केळी धरून सगळं ओझं शंभर किलोवर जातं. साठ किलो खाण्यासाठी शंभर किलो उचलायचे, आणि चाळीस किलो साली त्याच रात्री कुठे जाणार हेही ठरवायचं. इफ्तारच्या दुसऱ्या दिवशी शेजारपाजारची जी तक्रार येते, ती बहुतेक या सालींचीच असते.

फळं कोणती घ्यायची हे दर काही वर्षांनी बदलतं. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान मागे मागे सरकत राहतो. 2018 साली तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता, 2024 साली मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. 2030 मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा येईल, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर. मे महिन्यात हातोहात संपणारं कलिंगड जानेवारीच्या गारठ्यात परातीत पडून राहतं. तेव्हा संत्री आणि पेरू जास्त चालतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीपासून नाशिक-सांगलीची द्राक्षंही हाताशी असतात. द्राक्षात जवळजवळ काहीच वाया जात नाही, फक्त धुण्याची मेहनत असते.

चिरण्याची वेळ हा खरा कळीचा मुद्दा. सकाळीच चिरून ठेवलेलं कलिंगड संध्याकाळी पाण्यात पोहतं, केळी काळी पडतात आणि पपईचा लगदा होतो. त्यापेक्षा गंभीर म्हणजे चिरलेल्या कलिंगडात, खरबुजात जंतू झपाट्याने वाढतात. चिरलेलं फळ थंडाव्याबाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पारा बत्तिशीच्या वर असेल तर एकच तास धरावा. म्हणून फळं आधी धुवायची, कारण सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. मग दुपारी चारनंतर अननस, पपई, कलिंगड या क्रमाने चिरून बर्फावरच्या झाकलेल्या डब्यांत ठेवायचं आणि केळी अगदी शेवटच्या अर्ध्या तासात घ्यायची. मीठ आणि चाट मसाला आधीच टाकला की फळांना पाणी सुटतं, तेव्हा तो परात दस्तरखानावर जाताना वरून भुरभुरावा.

पेयांत आधी पाणी. सरबताच्या कौतुकात पाणी कमी पडतं आणि तीच सर्वात वाईट चूक ठरते. अजान ते जेवण संपेपर्यंत माणशी किमान अर्धा लिटर पाणी धरावं, उन्हाळ्यात पाऊण लिटर. चारशे माणसांना वीस लिटरचे दहा जार, मे महिन्यात पंधरा. यातला बराचसा भाग पहिल्या दोन-तीन मिनिटांत संपतो, म्हणून कोपऱ्यातला नळ किंवा रांगेत ठेवलेले जार त्या वेळी कामाचे नाहीत. दर थाळ्यापाशी पाण्याचा भरलेला दोन लिटरचा जग आधीच हवा. प्लास्टिकच्या पेल्यांवर बंदी असल्याने स्टीलचे पेले गोळा करणं उत्तम. तो उद्योग पुष्कळ मोहल्ल्यांत सवयीचा झाला आहे.

सरबत माणशी दोनशे मिलिलिटरचा एक पेला, आणि दर चौघांमागे एक जादा. हे झाले पाचशे पेले, म्हणजे शंभर लिटर. जुन्या दिल्लीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी तयार केलेलं रूह अफजा आजही अनेक दस्तरखानांवर असतं. 2019 च्या रमजानमध्ये त्याचा तुटवडा पडला तेव्हा त्याची बातमी झाली होती. पेल्याला तीस मिलिलिटर पाक धरला तर पंधरा लिटर लागतो, म्हणजे पाऊण लिटरच्या वीस बाटल्या. मग पाणी पंच्याऐंशी लिटर? नाही, पासष्टच. उरलेले वीस लिटर बर्फातून येतात. तीस अंशांचं ऐंशी लिटर सरबत आठ अंशांपर्यंत गार करायला साधारण वीस किलो बर्फ वितळावा लागतो. हे लक्षात न घेता आधीच पूर्ण पाणी घातलं की पहिला पेला गोड आणि शेवटचा पांचट होतो. वाटेत वितळणारा बर्फ धरून पंचवीस किलो मागवावा आणि तो निळा नाही हे पाहावं. महाराष्ट्रात 2018 पासून, खाण्यालायक नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं कारखान्यांना बंधनकारक आहे. सरबत दुधाचं असेल तर दूध आधीच गार केलेलं हवं आणि पिंप सतत बर्फात हवं, नाहीतर ते नासतं.

पाक म्हणजे मुख्यतः साखर आणि खजूरही बहुतांश साखरच. मधुमेहाचे पुष्कळ रोजेदार असतात. त्यांच्यासाठी साखर न घातलेलं लिंबूपाणी किंवा ताक वेगळ्या जगात, खूण करून ठेवलं तर त्यांना दर पेल्याला विचारावं लागत नाही. दहा लिटर पुरतं.

राहता राहिला माणसांचा आकडा. आमंत्रण चारशेंचं असलं तरी शुक्रवारी आणि शेवटच्या दहा दिवसांत गर्दी वाढते, वाटेवरचे प्रवासी टेकतात, लहान मुलं मोजणीत नसतात. अंदाज चुकला तर काय ताणता येतं हे आधी माहीत हवं. खजूर तीनऐवजी दोन करता येतात, सरबताचे पेले पाऊण भरता येतात. पाणी मात्र ताणता येत नाही. उलट माणसं कमी आली, तर सुक्या खजुराचा बंद डबा महिनाभरही टिकतो, पण चिरलेलं कलिंगड रात्री टाकूनच द्यावं लागतं. तेव्हा हात सैल सोडायचाच असेल तर तो खजुरात आणि पाण्यात सोडावा, फळांत नाही.