५० प्रश्न, ५७ मिनिटे

ग्रेट ब्रिटनमध्ये कारचा पक्का परवाना हवा असेल, तर प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवण्याआधी संगणकावरची थिअरी टेस्ट उत्तीर्ण व्हावी लागते. भारतीय परवान्यावर तिथे राहायला गेल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. त्यामुळे नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झालेल्या आणि भारतात वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या मराठी माणसालाही ती चुकत नाही. परीक्षेच्या पहिल्या भागात ५० बहुपर्यायी प्रश्न, ५७ मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान ४३ बरोबर उत्तरे, असा हिशेब असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि वेळेचे सारे नियोजन या एका नियमावर उभे राहते.

भागाकार केला तर प्रत्येक प्रश्नाला ६८ सेकंद येतात, पण वेळ अशी समान वाटून चालत नाही. रस्त्यावरच्या चिन्हाचा अर्थ विचारणारा प्रश्न दहा-पंधरा सेकंदांत सुटतो. याउलट तीन प्रश्न एका छोट्या, आवाज नसलेल्या चित्रफितीवर असतात. ती हवी तितक्या वेळा पाहता येते, मात्र घड्याळ थांबत नाही. त्यामुळे आधी प्रश्न वाचून मग फीत पुन्हा पाहणे किफायतशीर ठरते. पहिली फेरी ३५ ते ३८ मिनिटांत संपली, तर शंकास्पद प्रश्नांसाठी सुमारे २० मिनिटे हाताशी राहतात.

प्रश्नाला ‘फ्लॅग’ लावण्याची सोय याच प्रश्नांसाठी आहे. फ्लॅग ही फक्त परत येण्याची खूण असते; गुणांशी तिचा संबंध नसतो. इथे नेहमीची चूक म्हणजे फ्लॅग लावून उत्तर कोरे सोडणे. वेळ संपली की कोऱ्या प्रश्नाला शून्यच मिळते. म्हणून त्या क्षणी जे उत्तर जवळचे वाटेल ते निवडावे, मग फ्लॅग लावून पुढे जावे. दुसरी चूक उलट्या टोकाची. प्रत्येक किरकोळ शंकेला फ्लॅग लावला की अखेरीस तीसेक प्रश्न उभे राहतात आणि खुणेला काही अर्थच उरत नाही.

समजा, ४० उत्तरे खात्रीची आणि खरोखर बरोबर आहेत, आणि १० शंकास्पद. ती दहा कोरी ठेवली तर निकाल ४०, म्हणजे नापास. चारपैकी कोणताही पर्याय डोळे मिटून निवडला तर सरासरीने अडीच बरोबर येतात, तरीही काठावरच. मात्र प्रत्येक प्रश्नातले दोन अशक्य पर्याय खोडता आले तर सरासरी पाचवर जाते आणि बेरीज ४५ होते. दुसऱ्या फेरीतल्या वीस मिनिटांचे काम बव्हंशी हेच: आठवत नसलेले आठवणे नव्हे, तर अशक्य ते खोडणे.

एक प्रश्न घेऊ. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० मैल वेगाने जाणारी गाडी थांबायला एकूण किती अंतर लागेल: २३, ३६, ५३ की ७३ मीटर? तक्ता आठवत नाही, म्हणून फ्लॅग. परत आल्यावर आकडेमोडीला सवड असते. वेगाच्या आकड्याइतके फूट अंतर चालक विचार करून ब्रेक दाबेपर्यंत जाते, म्हणजे ४० फूट. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले २०, अर्थात ८० फूट. एकूण १२० फूट, म्हणजे साधारण ३६ मीटर. पहिल्या फेरीत ही आकडेमोड करत बसलेला उमेदवार पुढचे तीन सोपे प्रश्न घाईत वाचतो आणि प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द त्याच्या नजरेतून सुटतो.

शेवटी येणाऱ्या आढाव्याच्या पडद्यावरून सगळे, फ्लॅग केलेले किंवा अपूर्ण प्रश्न पुन्हा उघडता येतात. अपूर्ण प्रश्न आधी पाहावेत, मग फ्लॅगचे. पहिले उत्तर बदलू नये, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो, पण तो तितकासा खरा नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतली खाडाखोड तपासली, तेव्हा बदललेल्या उत्तरांपैकी निम्मी चुकीची बरोबर झाली होती आणि बरोबरची चुकीची झाली होती जेमतेम पाव. मात्र बदलासाठी कारण सांगता आले पाहिजे: नजरचूक सापडली, किंवा पुढच्या एखाद्या प्रश्नाने नियम आठवला. नुसती धाकधूक हे कारण नव्हे.

हा भाग संपवला की परतीची वाट बंद होते आणि उरलेली मिनिटे पुढे वापरता येत नाहीत, म्हणून लवकर उठण्याने काहीच मिळत नाही. त्यानंतर हवी असल्यास तीन मिनिटांपर्यंत विश्रांती घेता येते. पुढचा धोके ओळखण्याचा भाग १४ चित्रफितींचा. तिथे फ्लॅगही नाही आणि आढावाही नाही. प्रत्येक फीत एकदाच दिसते. एका बैठकीत दोन्ही भाग उत्तीर्ण व्हावे लागतात. एक जरी हुकला तरी पुढच्या वेळी दोन्ही पुन्हा द्यावे लागतात.