क्रिएटिनिन वाढतंय, तरी लॅसिक्स चालू

हृदय कमजोर झालेला माणूस सूज आणि धाप घेऊन वॉर्डात येतो, रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं असतं आणि बहुतेकांचा पहिला तर्क एकच असतो: हृदय रक्त पुढे ढकलत नाही, म्हणून किडनी उपाशी. हे अर्धंच खरं आहे. रक्त पुढे जात नाही तसंच ते मागे तुंबतं, आणि किडनीला हे तुंबणं जास्त जाचतं. किडनीतून रक्त वाहतं ते धमनीतला दाब आणि शिरेतला दाब यांच्यातल्या फरकावर.

साठीतल्या एका शेतकरी काकांचं उदाहरण घेतो. त्यांचा रक्तदाब १०४/६८ होता, म्हणजे सरासरी ८०. अर्धवट बसवल्यावर गळ्याची शीर कानाच्या पाळीपर्यंत फुगलेली दिसत होती. त्यावरून शिरेतला दाब अंदाजे १८ धरला, म्हणजे किडनीच्या वाट्याला उरले जेमतेम ६२. निरोगी माणसात हा फरक ८०च्या वर असतो. किडनीभोवतीचं आवरण घट्ट असल्यामुळे आत सूज आली की तिला फुगायलाही जागा नसते. रक्त कमी मिळालं की किडनी समजते, शरीरात पाणीच कमी आहे, आणि मीठ-पाणी धरून ठेवते. तो भार पुन्हा हृदयावरच येतो. काकांनी त्यात गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांची भर घातली होती. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात आणि मीठही अडवतात.

त्यांचं एरवीचं क्रिएटिनिन १.३, आल्या दिवशी १.९. वजन ७४ किलो, म्हणजे नेहमीपेक्षा सात-आठ किलो जास्त. घरी ते लॅसिक्सच्या ८० मिलिग्रॅम गोळ्या रोज घेत होते, पण आतड्यालाही सूज असली की गोळी नीट शोषली जात नाही. म्हणून तेवढाच डोस शिरेतून दिला. हे औषध काम करतं किडनीच्या नलिकेत आतल्या बाजूने. तिथे पुरेसं पोचलं नाही तर परिणाम कमी नव्हे, जवळजवळ शून्य होतो. त्यामुळे पहिल्या काही तासांतच हिशोब घ्यावा लागतो. दोन तासांनी लघवीतलं सोडियम तपासलं, ते ३८ आलं. ५० ते ७०च्या खाली असेल तर डोस अपुरा आहे. सिस्टरांनी सहा तासांनी पिशवी मापात ओतली, ४८० मिलिलिटर. तासाला शंभरही नाही. तोच डोस पुन्हा देण्यात अर्थ नव्हता, दुप्पट केला, १६०. पुढच्या सहा तासांत ११०० मिलिलिटर झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिन २.३ आलं. "सर, लॅसिक्स थांबवू?" रेसिडेंटने विचारलं. काकांचा मुलगा त्याच्या मागेच उभा होता. "डॉक्टर, औषधाने किडनी जाणार नाही ना?"

ही भीती रास्त आहे, म्हणून उत्तर आकड्यात न शोधता पलंगापाशी शोधावं लागतं. वजन ७१ वर आलं होतं, लघवी चांगली होत होती, रक्तदाब टिकून होता, हात उबदार होते. पण गळ्याची शीर अजून फुगलेली होती आणि नडगीवर बोट दाबलं की खळगा पडत होता. म्हणजे पाणी उतरतंय, पण संपलेलं नाही. अशा वेळी क्रिएटिनिनची थोडी वाढ बहुधा गाळण्याचा वेग तात्पुरता मंदावल्याची असते, किडनीच्या पेशी मेल्याची नसते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'डोस' या अमेरिकी चाचणीत मोठ्या डोसच्या गटात अशी वाढ जास्त जणांत दिसली, पण साठ दिवसांनी दोन्ही गटांच्या किडनीत फरक उरला नव्हता. आम्ही औषध चालू ठेवलं, पोटॅशियम रोज पाहिलं आणि वेदनाशामक गोळ्या बंदच ठेवल्या. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन २.० झालं, घरी जाताना १.६. वजन ६७.

हाच २.३ दुसऱ्या रुग्णात थांबायची खूण ठरतो. त्याच आठवड्यात एका आजींची गळ्याची शीर दिसेनाशी झाली होती, उभं राहिलं की चक्कर येत होती, लघवी आटली होती आणि युरिया क्रिएटिनिनपेक्षा झपाट्याने चढत होता. त्यांचं पाणी गरजेपेक्षा जास्त काढलं गेलं होतं. लॅसिक्स बंद केलं. तिसरा प्रकार सर्वांत अवघड: शीर फुगलेली, पण हात थंड, रक्तदाब पडलेला, माणूस गुंगीत. तिथे नुसता डोस वाढवून भागत नाही, हृदयाला जोर देणारं औषध लागतं, आणि कधी कधी तेही पुरत नाही.

काकांना घरी पाठवताना लॅसिक्सऐवजी टोरसेमाइडची गोळी दिली, ती आतड्यातून जास्त भरवशाने शोषली जाते. मुलाला सांगितलं, रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर धाप लागायची वाट न पाहता फोन करायचा. आणि आठवड्याने क्रिएटिनिन-पोटॅशियम.