एका सेलचा रुसवा

गेल्या गणपतीत आमच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात चार रिचार्जेबल पेन्सिल सेल होते. पंधरा दिवस आधीच ते चार्ज करून मी कपाटात ठेवले होते. आरतीच्या वेळी कॅमेरा चालू केला, पहिला फ्लॅश पडला आणि लगेच पडद्यावर रिकाम्या बॅटरीचे चित्र आले. आरती संपल्यावर चारही सेल स्मार्ट चार्जरमध्ये लावले. तीन सेल अर्ध्या तासात पूर्ण भरले. चौथ्या खान्यावर मात्र `Err` ही अक्षरे उमटली. घरच्यांचे मत पडले, की चारही टाकून नवे आणावेत.

पण अर्ध्या तासात जे भरले, ते रिकामे नव्हतेच. कॅमेऱ्यात चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि कॅमेऱ्याला दिसतो तो फक्त त्यांचा एकत्रित दाब. निरोगी सेलचा दाब १.२ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे चौघांचा मिळून ४.८ व्होल्ट. त्यातला एक आधीच रिकामा असला, की फ्लॅशने मोठा प्रवाह ओढताच त्याचा दाब कोसळतो. बाकीचे तिघे त्या रिकाम्या सेलमधूनही प्रवाह रेटत राहतात. त्यामुळे तो शून्याच्याही खाली, उलट्या दिशेला जाऊ शकतो. तिघे भरलेले असूनही कॅमेरा सगळा संच संपला असे समजतो.

मी चौघांवर पर्मनंट मार्करने क्रमांक घातले. रुसलेला सेल तीन नंबरचा. मल्टिमीटर लावला तर दाब ०.४ व्होल्ट. चार्जर त्याला का नाकारत होता, याचे कारण तिथेच दिसले. चार्जिंग सुरू करण्याआधी स्मार्ट चार्जर सेलचा दाब तपासतो. तो फारच कमी आढळला, तर खाना रिकामा आहे, सेल उलटा बसवला आहे किंवा आतून शॉर्ट झाला आहे, असे गृहीत धरून तो प्रवाह सोडतच नाही. ही सुरक्षेची सोय आहे. पण खूप खोलवर रिकामा झालेला चांगला सेलसुद्धा याच चाळणीत अडकतो, म्हणून पहिल्याच `Err`वर सेल कचऱ्यात टाकू नये. आधी सेलची आणि चार्जरची टोके कोरड्या कापडाने पुसून पाहावीत. मळलेल्या पत्रीमुळेही हीच खूण उमटते.

माझ्याकडे एक जुना, साधा, मंद चार्जर होता. तो काही तपासत नाही, फक्त थोडा थोडा प्रवाह देत राहतो. तीन नंबरचा सेल त्यात पंधरा मिनिटे ठेवला, समोरून हललो नाही आणि मधूनमधून हात लावून तो तापत नाही ना, हे पाहिले. दाब एक व्होल्टच्या वर गेल्यावर स्मार्ट चार्जरने तो निमूटपणे स्वीकारला. यासाठी काही जण भरलेला सेल तारेने रिकाम्याला जोडतात. तसे करू नका. त्या क्षणी वाहणाऱ्या प्रवाहावर कसलाच लगाम नसतो आणि तार बोट भाजेल इतकी तापू शकते. टोकाशी पांढरी पूड जमलेला किंवा फुगलेला सेल तर जिवंत करण्याच्या भानगडीतच पडू नये.

पुढे जे आढळले, त्याने मी चक्रावलो. माझ्या चार्जरमध्ये सेल पूर्ण भरून, मग रिकामा करत त्याची क्षमता मोजायची सोय आहे. सेलवर २००० एमएएच छापलेले. एक नंबरने दिले १८८०, तीन नंबरने १७८०. म्हणजे जवळजवळ धडधाकट! मग आरतीच्या वेळी याने दगा का दिला?

उत्तरासाठी थांबावे लागले. चारही सेल पुन्हा भरले, महिनाभर कपाटात ठेवले आणि मधे न भरता थेट रिकामे करत मोजले. एक नंबरचे निघाले १७९०. तीन नंबरचे फक्त ५४०. न वापरताच त्याच्यातले दोन तृतीयांशाहून अधिक चार्ज नाहीसे झाले होते. मडक्यात पाणी पूर्ण मावते, पण मडके झिरपते, असा हा आजार. यालाच स्वयंविसर्जन म्हणतात.

या सेलमध्ये निकेलचे एक पान आणि हायड्रोजन साठवणाऱ्या मिश्रधातूचे दुसरे पान गुंडाळलेले असते. दोघांमध्ये अल्कलीच्या द्रावात भिजलेली एक पातळ जाळी असते. जुन्या प्रकारच्या जाळीतून सुटणारी नायट्रोजनची संयुगे दोन पानांमध्ये येरझारा घालत चार्ज वाया घालवतात. शिवाय काळाच्या ओघात मिश्रधातू गंजतो, त्यातून सुटलेले धातूचे अंश जाळीत साचतात आणि प्रवाहाला चोरवाटा मिळतात. उष्णतेने हे सगळे वेग घेते. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला सेल थंड खोलीतल्यापेक्षा कितीतरी लवकर उतरतो.

साध्या रिचार्जेबल सेलचे महिन्याला वीस-तीस टक्के चार्ज असेच जाते. २००५ मध्ये जपानच्या सॅन्यो कंपनीने एनेलूप नावाने कमी स्वयंविसर्जनाचे सेल बाजारात आणले. सुधारलेली जाळी आणि मिश्रधातू यांमुळे वर्षभरानंतरही त्यांच्यात बहुतेक चार्ज शिल्लक राहते. असे सेल आता इतर कंपन्याही बनवतात. सहसा त्यांच्या वेष्टनावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ असे लिहिलेले असते.

टीव्हीच्या रिमोटची तक्रार इथेच सुटते. रिमोट बटण दाबल्यावर क्षणभरच वीज खातो, बाकी वेळ जवळपास उपाशीच असतो. त्यात साधा रिचार्जेबल सेल घातला, तर रिमोट त्यातले जेमतेम वापरतो आणि उरलेले आपोआप झिरपून जाते. तीन-चार महिन्यांत आपण म्हणतो, सेल खराब निघाला. रिमोटमध्ये आणि भिंतीवरच्या घड्याळात कमी स्वयंविसर्जनाचा सेल घालावा, नाहीतर सरळ साधा अल्कलाइन सेल.

`Err`चे याच्या अगदी उलटे कारणही असते. आमच्या खणात टॉर्चचे दोन म्हातारे सेल सापडले. त्यांचा दाब १.२ व्होल्ट, म्हणजे वरवर ठणठणीत. तरीही चार्जरने सुरुवात केली आणि मिनिटाभरात नकार दिला. वर्षानुवर्षे ते त्याच मंद चार्जरमध्ये रात्र-रात्र पडून होते. भरल्यावरही प्रवाह चालू राहिला, की सेल तापतो, आत वायू होतो, तो बारीक झडपेतून निसटतो आणि सेल आतून हळूहळू सुकतो. अशा सेलचा अंतर्गत रोध वाढतो. चार्जिंग सुरू होताच त्याचा दाब १.७-१.८ व्होल्टच्या पलीकडे उसळतो. तेवढ्यावरून चार्जर त्याला बाद ठरवतो आणि तो निर्णय बरोबर असतो. असा सेल रिमोटमध्ये कदाचित रडतखडत चालेल, कॅमेऱ्यात मात्र पहिल्याच फ्लॅशला मान टाकेल. चुकून लावलेल्या अल्कलाइन सेललाही चार्जर असाच नाकारतो. अल्कलाइन सेल चार्ज करू नये, तो गळतो.

सुकलेल्या सेलवर उपाय नाही. टॉर्चचे दोन्ही सेल मी ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात दिले. तीन नंबरचा मुलाच्या खेळण्यातल्या गाडीत आहे. सकाळी भरायचा, संध्याकाळपर्यंत वापरायचा, एवढ्या कामाला तो अजून पुरतो. कॅमेऱ्यासाठी मात्र चारही सेल नवे, एकाच जातीचे आणि एकाच दिवशी घेतलेले आणले. प्रत्येकावर क्रमांक आणि खरेदीची तारीख लिहिली आहे. तुम्हीही तुमच्या सेलवर लिहा, आणि एक संच कायम एकत्रच वापरा.