पैठणीची घडी मोडत राहा

माझ्या आईने मे महिन्यातल्या एका लग्नात पैठणी नेसली. रात्री घरी आल्यावर थकून तिने ती तशीच घडी घालून दुकानातून आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. दिवाळीला पिशवी उघडली तेव्हा पदरावरच्या घड्यांच्या रेषांवर जर काळपट पडली होती, कमरेशी खोचायच्या जागी घामाचे पिवळट डाग उमटले होते आणि एका घडीवर जरीचे दोनतीन धागे तुटून वर आले होते. सहा महिन्यांत पैठणीला कुणी हातही लावला नव्हता, तरीही तिची ही अवस्था झाली.

असं का होतं, हे जर समजून घेतली की कळतं. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्याभोवती चांदीची चपटी, अतिशय बारीक तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो. स्वस्त जरीत चांदीऐवजी तांब्याची तार असते, आणि त्याहून स्वस्त जर प्लास्टिकची. रेशीम वाकतं आणि परत सरळ होतं. धातूची तार तशी होत नाही. एकाच रेषेवर महिनोन्‌महिने दुमडून राहिली की ती तिथे कमकुवत होते, फाकते आणि आतला धागा उघडा पडतो. शिवाय हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी चांदी काळी पडते आणि घामातल्या क्षारांनी तांबं हिरवट होतं. बंद पिशवीत कोंडलेल्या ओलाव्याने हे सगळं लवकर घडतं.

म्हणून नेसून आल्यावर पैठणी लगेच कपाटात ठेवू नये. आधी सेफ्टी पिना काढाव्यात, कारण विसरलेली पीन गंजून डाग पाडते. मग सावलीत, वारा खेळत असेल अशा जागी, सुती चादर टाकलेल्या दांडीवर ती तीनचार तास पसरून ठेवावी. कडक उन्हाने रेशमाचा रंग उडतो, त्यामुळे ऊन नको. अत्तर मारायचंच तर साडी नेसण्याआधी अंगाला लावून वाळू द्यावं. गजऱ्याचं पाणी किंवा जेवणाचा डाग पडला तर तो चोळू नये. स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्यावा आणि रेशमाचं काम जाणणाऱ्या ड्रायक्लीनरला डाग कशाचा आहे ते सांगून साडी द्यावी. घामाच्या डागांसाठीही हेच करावं. डाग जुने झाले की निघत नाहीत. इस्त्री करायची असेल तर मंद आचेवर, वर सुती कापड घालून करावी.

साठवण करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. जर बाहेर घासू नये म्हणून साडी उलटी घडी करावी, असं सांगितलं जातं. पण हातमागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे उलटी घडी करून पदराची जर झाकली जात नाही. त्याऐवजी पदराच्या दोन घड्यांमध्ये धुतलेलं मऊ, पांढरं मलमल घालावं. जिथे घडी वळते तिथे मलमलीची सैल गुंडाळी ठेवावी, म्हणजे तार धारदार न वाकता गोल वळते. मग सगळी साडी मलमलीत गुंडाळून सर्वांत वर ठेवावी. तिच्यावर जड साड्यांचा ढीग नको. धातूच्या हँगरवरही लटकवू नये, कारण जरीच्या वजनाने कापड ताणलं जातं.

दर तीन महिन्यांनी पैठणी बाहेर काढून घडी मोडावी. पहिल्यांदा रुंदीत चार पदरी घडी केली असेल तर पुढच्या वेळी तीन पदरी करावी, म्हणजे नवी रेष जुन्या रेषेवर येत नाही. त्याच वेळी पदर उजेडात धरून पाहावा. घडीवर जर फाकून आतलं रेशीम दिसत असेल, तर ती रेष पुन्हा दुमडू नये. निसटलेला धागा ओढू नये, कापूही नये. रफू करणाऱ्याला दाखवावा.

कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला सुती पोटलीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवावा. डांबरगोळ्या साडीला लागू देऊ नयेत. पावसाळ्यात कपाट ओलसर राहतं, तेव्हा तिथे सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पावसाळा संपला की साडी पुन्हा सावलीत वाऱ्यावर घालावी.

काळी पडलेली जर चिंचेने किंवा टूथपेस्टने उजळायला जाऊ नका. काळेपणाबरोबर सोन्याचा मुलामाही निघून जातो आणि तो पुन्हा चढवता येत नाही. आईच्या पैठणीचा पदर अजून काळपटच आहे. तुटलेले धागे रफूने बसवले आणि आता ती मलमलीत असते. तुमच्या कपाटातल्या पैठणीची घडी शेवटची कधी मोडली होती, ते आठवत नसेल तर आजच ती बाहेर काढा.