केसपेपर काय सांगतो, काय नाही

रॅगिंगची तक्रार लिहायला मदत मागणारे पालक माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात डॉक्टरांच्या कागदांचा गठ्ठा असतो. हे कागद समितीपुढे ठेवले की काम झालं, असं त्यांना वाटतं. मी आधी तो गठ्ठा तारखेनुसार लावते आणि प्रत्येक कागद वाचते.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलाची फाइल सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. 20 ऑगस्टला तो होस्टेलवर राहायला गेला. वरच्या वर्गातली मुलं त्याला रात्री खोलीत बोलावून तासन्‌तास उभं करत. 12 सप्टेंबरच्या ओपीडीच्या केसपेपरवर लिहिलं होतं : तीन आठवड्यांपासून झोप नाही, डोकेदुखी, वजन 53 किलो. शेवटी प्रश्नचिन्ह टाकून ‘परीक्षेचा ताण?’ रॅगिंगचा शब्दही नव्हता. तपासताना वडील शेजारी बसले होते, त्यामुळे मुलगा काहीच बोलला नव्हता.

वडील म्हणाले, “मॅडम, डॉक्टर ओळखीचे आहेत. याच कागदावर ‘रॅगिंगमुळे’ एवढं लिहून घेतो.”

तसं करू दिलं नाही. जुन्या नोंदीत मागाहून घातलेली ओळ शाईवरून आणि दवाखान्यातल्या प्रतीवरून उघडी पडते, आणि मग खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मुलाने पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन, या वेळी एकट्याने, काय घडलं ते सांगितलं. डॉक्टरांनी त्या दिवसाच्या तारखेने नवी नोंद केली. “रुग्णाने सांगितल्यानुसार” असं म्हणून घटना लिहिल्या, आणि स्वतः तपासून जे दिसलं ते वेगळं लिहिलं. हा फरक समितीतले जाणकार लगेच पाहतात. घटना डॉक्टरांनी पाहिलेली नसते, त्यांनी पाहिलेली असते ती प्रकृती.

पहिला केसपेपरही वाया गेला नाही. 12 सप्टेंबरपासून तीन आठवडे मागे गेलं की होस्टेलचे पहिले दिवस येतात. प्रवेशाच्या वेळच्या, ऑगस्टच्या सुरुवातीच्या वैद्यकीय दाखल्यात वजन 58 किलो होतं. तक्रारीचा विचारही नव्हता तेव्हाच्या या नोंदी, म्हणून त्या बनवून आणल्या असं म्हणणं अवघड. ‘परीक्षेचा ताण?’ हा शेराही आम्ही झाकला नाही. त्या महिन्यात परीक्षा नव्हती, एवढंच वेळापत्रक जोडून दाखवलं.

समुपदेशनाच्या नोंदी मात्र जास्त नाजूक. त्यात घरातली भांडणं होती, बारावीत घेतलेल्या चिंतेवरच्या उपचाराचा उल्लेख होता, एका मैत्रिणीचं नाव होतं. समितीपुढे ठेवलेला पुरावा समोरच्या बाजूला पाहायला मिळू शकतो, कारण आरोपाला उत्तर देण्याची संधी त्यांनाही द्यावी लागते. त्यामुळे ज्या मुलांनी छळलं त्यांच्या हाती पडलं तर चालणार नाही, असं काहीही जोडायचं नाही, हा माझा नियम. सगळ्या सत्रांच्या नोंदींऐवजी समुपदेशकांकडून एका पानाचं पत्र घेतलं. भेटींच्या तारखा, मुलाने सांगितलेला त्रास, समुपदेशकांनी पाहिलेली लक्षणं, दिलेला सल्ला. बाकी काही नाही. ते मुलाने आधी वाचलं, मगच देण्याला संमतीची सही केली. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 उपचारांतली गोपनीयता आणि स्वतःच्या नोंदी मिळवणं, हे दोन्ही रुग्णाचे हक्क मानतो. पालक फी भरतात म्हणून ते ही संमती परस्पर देऊ शकत नाहीत. मुलगा सज्ञान होता.

बारावीतला उपचार लपवायचा का, यावर घरात वाद झाला. शेवटी पत्रात एक वाक्य ठेवलं : पूर्वी उपचार झाले होते, प्रवेशाच्या वेळी औषध बंद होतं, होस्टेलवर गेल्यावर त्रास पुन्हा सुरू झाला. ही गोष्ट समोरच्यांनी शोधून काढली असती, तर तोच त्यांचा बचाव ठरला असता. आधीचा आजार असला म्हणून नंतरची इजा खोटी ठरत नाही.

पाकिटावर ‘गोपनीय’ लिहून, पानांना क्रमांक घालून झेरॉक्स प्रती प्राचार्यांच्या नावे दिल्या आणि पोहोच घेतली. मूळ कागद घरी ठेवले. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकही फोटो टाकू दिला नाही.

चौकशीत एका सदस्याने विचारलंच, “या कागदांत मुलांची नावं कुठे आहेत?” नव्हतीच, आणि असायची गरजही नव्हती. कुणी केलं हे खोलीतल्या सोबत्याच्या जबाबातून आणि फोनवरच्या मेसेजमधून येत होतं. त्याचा परिणाम काय झाला, एवढंच केसपेपर सांगत होता. महाराष्ट्राच्या 1999च्या रॅगिंगविरोधी कायद्यात तर शारीरिक वा मानसिक इजा होण्याची शक्यता असलेलं कृत्यही रॅगिंगच ठरतं. म्हणून ज्या मुलाने डॉक्टर गाठलाच नाही, त्याचीही तक्रार तेवढीच उभी राहते. अशा मुलाला केवळ कागदासाठी दवाखान्यात पाठवू नये; झोप लागत नसेल, तर झोपेसाठी पाठवावं.